दुमजली घरातले वायफाय: मेश की एक्स्टेंडर?

दुमजली घरात वरच्या मजल्यावर वायफाय रखडते, ते बहुतेक वेळा मधल्या स्लॅबमुळे. काँक्रीट आणि त्यातल्या लोखंडी सळ्या रेडिओ लहरी मोठ्या प्रमाणात अडवतात. वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असते, पण स्लॅबपुढे तीच आधी हार मानते. 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी वरपर्यंत पोहोचते, मात्र तिचा वेग कमी असतो आणि शेजारपाजारच्या राउटरांची गर्दीही तिच्यावरच जास्त असते.

यावर दोन उपाय आहेत. रेंज एक्स्टेंडर राउटरचा सिग्नल पकडतो आणि पुढे पाठवतो. राउटरशी आणि मोबाइलशी तो एकाच पट्टीवर बोलत असेल, तर प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. मेशमध्ये दोन किंवा अधिक युनिट मिळून एकच जाळे बनते. नाव आणि पासवर्ड एकच असतो, आणि माणूस जिना चढताना त्याचा मोबाइल जवळच्या युनिटकडे वळावा यासाठी युनिटे आपसांत समन्वय साधतात. पण युनिटे वायरशिवाय जोडलेली असतील, तर मेशलाही तोच स्लॅब ओलांडावा लागतो. म्हणून दोन्ही उपायांत खरा प्रश्न एकच: खालचा आणि वरचा डबा यांच्यातला दुवा किती भक्कम आहे?

जागा कशी ठरवावी

समजा, फायबरचा राउटर तळमजल्यावर, रस्त्याकडच्या हॉलमध्ये आहे, योजना 100 एमबीपीएसची आहे आणि अडचण वरच्या मागच्या खोलीत आहे. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारे ॲप मोबाइलवर घेऊन घरभर फिरावे. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. राउटरजवळ उणे 40, जिन्याच्या वरच्या टोकाशी उणे 62 आणि मागच्या खोलीत उणे 82 असे आकडे आले, तर जागा ठरलीच: जिन्याचे वरचे टोक. तिथे स्लॅब उघडा असल्याने लहरींना वाट मिळते.

बहुतेकांची चूक इथेच होते. रेंज नाही त्याच खोलीत एक्स्टेंडर लावला जातो. मोबाइलवर सगळ्या कांड्या दिसतात, पण त्या मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या असतात. एक्स्टेंडरला स्वतःला राउटरकडून उणे 82 एवढाच सिग्नल मिळतो, त्यामुळे व्हिडिओ अडकतच राहतो. नवा डबा जिथे ठेवायचा, तिथे मूळ राउटरचा सिग्नल उणे 65 ते 70 पेक्षा कमजोर नसावा.

जोडणी

एक्स्टेंडर आधी राउटरच्याच खोलीत लावावा. राउटरवरचे WPS बटण दाबून दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचे दाबावे. ते बटण नसेल तर कंपनीच्या ॲपमधून घरचे वायफाय निवडून पासवर्ड द्यावा. दिवा स्थिर झाला की एक्स्टेंडर काढून जिन्याजवळ लावावा.

मेशचे मुख्य युनिट इथरनेट केबलने फायबर राउटरच्या LAN पोर्टला जोडावे, ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड ठरवावा, मग दुसरे युनिट जवळच सुरू करून जाळ्यात घ्यावे आणि नंतर वर न्यावे. त्यानंतर दोन कामे राहतात. फायबर राउटरचे स्वतःचे वायफाय बंद करावे, नाहीतर मोबाइल जुन्याच नावाला चिकटून राहतो. मुख्य युनिट अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे. तसे न केल्यास दोन राउटर एकामागे एक काम करतात, आणि काही ऑनलाइन खेळ किंवा बाहेरून पाहायचे कॅमेरे नीट चालत नाहीत.

वरचे युनिट ज्या प्लगवर आहे, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा. नाहीतर वीज गेल्यावर खालचे वायफाय चालू आणि वरचे बंद, अशी स्थिती होते.

शेवटी तपासणी. आधी केबलने किंवा राउटरशेजारी वेग मोजावा, मग वरच्या डब्याशेजारी. खाली 95 आणि वर 10 आले, तर दुवा कमजोर आहे. डबा जिन्याकडे सरकवावा. खालीच 20 मिळत असतील, तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा राउटरचा असतो आणि नवा डबा घेऊन तो जात नाही.

एकाच खोलीची गरज असेल आणि तिथे बसूनच काम होत असेल, तर एक्स्टेंडर पुरतो. वरचा पूर्ण मजला वापरात असेल आणि बोलता-बोलता वर-खाली फिरणे होत असेल, तर मेश घ्यावा. भिंतीतल्या पाइपमधून कॅट 6 केबल वर नेता आली, तर मेशची दोन्ही युनिटे तिनेच जोडावीत. मग स्लॅबचा अडथळा उरत नाही आणि वरच्या युनिटला पूर्ण वेग मिळतो. ते युनिटही मग जिन्याऐवजी थेट मागच्या खोलीत ठेवता येते.