गाणं नेमकं कुठून शिरलं?

समजा, तुम्ही यूट्यूबवर बीजीएमआयचं दोन तासांचं लाइव्ह केलं. तुम्ही एकही गाणं लावलं नव्हतं, तरी रेकॉर्डिंगवर एका हिंदी गाण्याचा कॉपीराइट दावा आला. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं कोणी लावलं हे बघत नाही. आलेला आवाज तिच्याकडच्या नमुन्यांशी जुळतो का, एवढंच ताडते. लाइव्ह चालू असतानाच जुळलं तर आधी सूचना येते आणि गाणं सुरूच राहिलं तर प्रक्षेपण तोडलंही जाऊ शकतं. ‘दहा सेकंद चालतात’ किंवा ‘गायकाचं नाव दिलं की झालं’ ही निव्वळ दंतकथा.

मग गाणं आलं कुठून? बहुतेक वेळा टीममेटकडून. त्याच्या खोलीत गाणं वाजतं, ते त्याच्या माइकमधून तुमच्या फोनच्या स्पीकरवर येतं आणि तुमचा माइक ते पुन्हा उचलतो. इअरफोन लावले की ही साखळी तुटते. तरीही ऐकू येत असेल, तर गेममध्ये त्या एका खेळाडूचा आवाज बंद करा. तो रुसला तर रुसू दे. दुसरी वाट गेमचीच. लॉबीत किंवा एखाद्या इव्हेंटमध्ये कलाकाराचं खरं गाणं असू शकतं. पब्जी मोबाइलने 2019मध्ये ॲलन वॉकरचं ‘ऑन माय वे’ असंच घेतलं होतं. गेम कंपनीने घेतलेली परवानगी तुमच्या चॅनललाही लागू होते, असं धरून चालू नका. ऑडिओ सेटिंगमध्ये संगीताची पट्टी शून्यावर आणा. पावलांचा आणि गोळ्यांचा आवाज वेगळ्या पट्टीवर असतो, त्यामुळे खेळ बिघडत नाही.

लाइव्हआधी त्याच जोडणीवर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि ते हेडफोनवर ऐका. शेजारचा टीव्हीसुद्धा त्यात सापडतो.

दावा आलाच, तर यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचा तपशील उघडा. गाणं 1:12:40 ते 1:15:10 असं दिसलं, तर प्रश्न फक्त अडीच मिनिटांचा आहे. आधी ‘गाणं पुसा’ हा पर्याय वापरून बघा. तो गाणं काढून बोलणं ठेवायचा प्रयत्न करतो. गोळीबाराच्या गोंगाटात तो फसतो. तेव्हा तो तुकडा मूक करण्यापेक्षा कापलेला बरा, कारण मूक गेमप्ले कोणी बघत नाही. व्हिडिओची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात.

दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. हक्कदाराने व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी केली की स्ट्राइक लागतो. त्याची मुदत 90 दिवसांची असते, आणि तेवढ्या काळात असे तीन जमले तर चॅनल बंद होऊ शकतं.