पाकीट कुठलं, हे इशारा सांगतो

समजा, समुद्रकिनारी किंवा रेल्वेरुळाच्या कडेला तुम्हाला सिगारेटचं एक रिकामं, चुरगळलेलं पाकीट सापडलं. ते कोणत्या देशात विकलं गेलं, हे ओळखायचं आहे. पहिली नजर ब्रँडच्या नावावर जाईल, पण त्याचा उपयोग होणार नाही. मोठे ब्रँड शंभराहून अधिक देशांत त्याच नावाने आणि त्याच अक्षरांत विकले जातात. कंपनीला जगभर एकसारखं दिसायचं असतं. पाकिटावरचा आरोग्याचा इशारा मात्र कंपनीच्या मर्जीने छापला जात नाही. त्याची भाषा, चित्र, आकार आणि खालचा फोन नंबर त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. म्हणून पाकिटाचा गाव विचारायचा तर तो इशाऱ्यालाच विचारावा लागतो.

सुरुवात आपल्याच पाकिटापासून करू. १९७५च्या कायद्याने भारतात सिगारेटच्या पाकिटावर ‘वैधानिक इशारा’ आला. एका ओळीचा आणि बारीक अक्षरांतला तो इशारा कोपऱ्यात असे, आणि तो वाचता येणाऱ्यालाच कळे. ३१ मे २००९पासून पाकिटावर चित्र आलं, तेही फक्त पुढच्या बाजूवर आणि चाळीस टक्के जागेत. १ एप्रिल २०१६पासून दोन्ही मोठ्या बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला द्यावा लागतो. त्यातला साठ टक्के भाग चित्राचा आणि पंचवीस टक्के मजकुराचा. कंपनीच्या नावाला खाली एक पट्टी तेवढी उरते.

आता हे पाकीट जरा जवळून पाहा. वर आजारी माणसाचं चित्र आहे. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत इशारा आहे आणि काळ्या पट्टीवर व्यसन सोडण्यासाठीचा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६. हा नंबर १ सप्टेंबर २०१८पासून पाकिटावर येऊ लागला. त्यामुळे पाकिटावर ८५ टक्के इशारा असूनही हा नंबर नसेल, तर ते बहुधा त्याआधीचं. चित्रं आणि वाक्यं ठरलेल्या मुदतीने बदलतात. तंबाखूने यातनामय मृत्यू येतो, असं सांगणारं वाक्य डिसेंबर २०२२च्या संचात आहे, आणि तंबाखू घेणारे लवकर मरतात, असं सांगणारं वाक्य डिसेंबर २०२३पासूनच्या संचात. इशारा अशी देशाबरोबर काळाचीही खूण देतो.

पण हे पाकीट कोल्हापूरला विकलं गेलं की कोचीला, हे इशाऱ्यावरून कळत नाही. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचा नियम असा, की पाकिटावरचा बाकी मजकूर ज्या भाषेत, त्याच भाषेत इशारा. पाकीट इंग्रजी असेल तर इशारा इंग्रजी, आणि इंग्रजीसोबत एखादी भारतीय भाषा असेल तर दोन्हींत. इशाऱ्याची भाषा विकत घेणाऱ्याच्या बोलीवर ठरत नाही, कंपनीने निवडलेल्या भाषेवर ठरते. सिगारेट कंपन्यांची नावं आणि मजकूर बहुधा इंग्रजीत असतात. त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या मराठी माणसापर्यंत जे पोचतं, ते चित्रच. इतक्या भाषांच्या देशात प्रत्येकाला वाचता येईल असं वाक्य एका पाकिटावर मावत नाही. चित्र मावतं, आणि आपल्याकडे त्याला इतकी जागा मिळाली त्याचं मोठं कारण हेच आहे.

दुसरं पाकीट घेऊ. अक्षरं रोमन आहेत, पण भाषा इंग्रजी नाही, आणि पाकिटाला लवंगेचा वास आहे. लवंग घातलेली ही ‘क्रेतेक’ सिगारेट मूळची इंडोनेशियाची, आणि भारतात चोरट्या मार्गाने येणाऱ्या विदेशी सिगारेटींत ती पुष्कळदा सापडते. पण क्रेतेक मलेशियातही मिळते आणि दोन्ही देशांच्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. मग ओळखायचं कसं? इशाऱ्याचा पहिला शब्द पाहायचा. इंडोनेशियात ‘इशारा’ला ‘पेरिंगातान’ म्हणतात, तर मलेशियात ‘अमारान’. आणखी एक खूण ‘आरोग्य’ या शब्दात आहे. तो अरबीतून दोन्हीकडे गेला आणि आपल्या ओळखीच्या ‘सेहत’चा नातलग आहे. इंडोनेशियात तो ‘केसेहातान’ असा लिहितात आणि मलेशियात ‘केसिहातान’. एका स्वराने देश बदलतो. तरीही जपून, कारण ब्रुनेईतही मलय भाषाच चालते. ‘अमारान’ दिसलं म्हणजे इंडोनेशिया बाद झाला, पण मलेशिया अजून सिद्ध झाला नाही.

तिसऱ्या पाकिटात भाषा एक आणि देश अनेक, अशी अडचण आहे. इशारा जर्मन भाषेत आहे. पुढच्या-मागच्या बाजूंचा ६५ टक्के भाग वरच्या कडेपासून चित्राने आणि मजकुराने व्यापलेला आहे. हे ६५ टक्क्यांचं माप युरोपीय संघाचं. संघाने सगळ्या सदस्य देशांसाठी ४२ चित्रांचा एकच साठा केला आहे. त्याचे तीन संच असून ते दरवर्षी आळीपाळीने फिरत राहतात. म्हणून ग्रीसच्या पाकिटावरचा रुग्ण पोलंडच्या पाकिटावरही दिसू शकतो. चित्रावरून फार तर युरोपीय संघ कळेल, देश कळणार नाही.

आता भाषेकडे वळू. जर्मन म्हणजे जर्मनीच असेल असं नाही. शेजारी फ्रेंच आणि इटालियन ओळीही असतील तर ते स्वित्झर्लंडचं पाकीट, कारण त्या देशात इशारा तिन्ही भाषांत असतो. जर्मनसोबत फ्रेंच आणि डच असेल तर बेल्जियम. नुसती जर्मन असेल तर मुख्यतः दोन देश उरतात, जर्मनी आणि ऑस्ट्रिया. त्यांचं वाक्य एकच, चित्रही एकच. इथे निकाल लावते ती चित्राखालची बारीक ओळ, म्हणजे सिगारेट सोडायला मदत हवी असेल तर कुठे जायचं याचा पत्ता. जर्मनीच्या पाकिटावर rauchfrei-info.de असतं आणि ऑस्ट्रियाच्या पाकिटावर rauchfrei.at. ज्या ओळीकडे कुणी पाहत नाही, तीच सर्वांत पक्की खूण ठरते. चित्र उसनं घेता येतं, वाक्य भाषांतर करून घेता येतं, पण मदतीचा फोन आपल्याच देशात उचलला जावा लागतो.

चित्र नसणं ही सुद्धा खूणच आहे. अमेरिकन पाकिटाच्या बाजूच्या अरुंद पट्टीवर सर्जन जनरलच्या नावाने दोन-तीन ओळी असतात. त्या ओळी १९८४च्या कायद्याच्या. पुढे सरकारने चित्रं आणायचं ठरवलं, तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या. आमच्याच मालाविरुद्ध आम्हाला बोलायला लावणं हा आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१२मध्ये अपील न्यायालयाने ती चित्रं रद्द केली. २०२०मध्ये सरकारने नवी चित्रं जाहीर केली आणि तीही खटल्यांत अडकली. अमेरिकेत कंपनीलाही बोलण्याचा हक्क आहे असं मानतात, आणि त्या हक्काची ताकद पाकिटावर चित्र नसण्यात दिसते.

चीनच्या पाकिटावरही चित्र नाही, पण कारण वेगळं. तिथे सिगारेट उद्योग सरकारच्या मक्तेदारीत आहे. विकणारा आणि सावध करणारा एकच असला की इशारा सौम्य होतो. पाकिटावर सुंदर डोंगर किंवा फुलं असतात आणि खालच्या भागात साधी अक्षरं. हाँगकाँग चीनचाच भाग, पण तिथल्या पाकिटावर ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याचा असतो. चिनी मजकूर जुन्या, जास्त रेघांच्या लिपीत असतो आणि त्यासोबत इंग्रजी येते. जपानमध्येही नुसता मजकूर असतो. तिथे तंबाखूचा कारभार अर्थ मंत्रालयाकडे आहे, आणि देशातल्या मोठ्या सिगारेट कंपनीचे एक-तृतीयांशाहून अधिक भाग सरकारने स्वतःकडे ठेवावेत, असा कायदाच आहे. तंबाखूच्या पैशाशी सरकारचं नातं काय, हे चित्राच्या असण्या-नसण्यात बरंचसं कळतं.

या वाचनाला मर्यादाही आहेत. इशारा सांगतो तो पाकीट विकायचं ठरलेला देश. पाकीट बनलं कुठे, ते बारीक अक्षरांतल्या वेगळ्या ओळीत असतं, आणि ते सापडलं कुठे, हा तिसराच प्रश्न. प्रवाशाच्या खिशातून आलेलं पाकीट विमानाने समुद्र ओलांडतं. म्हणून एका पाकिटावरून निष्कर्ष काढू नये. पण एखाद्या टपरीवर परदेशी इशाऱ्याची किंवा इशाराच नसलेली पाकिटं ओळीने मांडलेली दिसली, तर गोष्ट वेगळी. आयात केलेल्या सिगारेटींवरही भारताचा ठरलेला इशारा असलाच पाहिजे. तो नसलेली पाकिटं आपल्याकडे विकणं बेकायदा आहे, आणि असा माल बहुधा कर चुकवून आलेला असतो. याची उलट बाजू मात्र खरी नाही. पाकिटावर भारतीय इशारा आहे म्हणजे माल खरा, असं म्हणता येत नाही, कारण बनावट पाकिटावर इशाराही छापता येतो.

आता कॅनडाकडे पाहू. चित्रमय इशारा जगात पहिल्यांदा याच देशाने सक्तीचा केला, २००१च्या सुमारास. आता तिथे पाकिटाबरोबर प्रत्येक सिगारेटवर, फिल्टरजवळच्या कागदावर, इशारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये छापलेला असतो. प्रत्येक झुरक्यात विष आहे, अशा अर्थाची ती छोटी वाक्यं. पाकीट दूर ठेवलं तरी इशारा ओठांपाशी येतो.

आपल्याकडे पाहिलं तर टपरीवर आलेला मुलगा पाकीट घेत नाही, एक सिगारेट घेतो. पाकीट टपरीवाल्याच्या हातात राहतं. ८५ टक्के जागेतलं चित्र, लाल पट्टी, फोन नंबर हे सगळं फळीवर राहतं आणि इशारा नसलेली नुसती सिगारेट मुलाच्या हाती जाते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. पण बंदी असूनही सुटी सिगारेट मिळते, हे कोणत्याही नाक्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

जगातल्या सर्वांत मोठ्या इशाऱ्यांपैकी एक आपल्या पाकिटावर आहे, आणि ज्याच्यासाठी तो छापला त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. सुट्या विक्रीवरची बंदी कागदावरून टपरीवर आली पाहिजे. ती येईपर्यंत तुमच्या ओळखीचं कुणी सुटी सिगारेट घेत असेल, तर पाकिटावरचा तो नंबर त्याला तुम्हीच सांगा: १८००-११-२३५६.