नुसतं ‘पुरळ आलंय’ म्हणू नका! मॅक्युल, पॅप्युल, प्लाक आणि व्हेसिकल यांत नेमका फरक काय?

‘डॉक्टर, छातीवर पुरळ आलंय.’ फोनवर एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांना फारसा अंदाज येत नाही. कारण घामोळं, गजकर्ण आणि नागीण, तिन्हींना आपण पुरळच म्हणतो. डॉक्टरांना आधी तीन गोष्टी हव्या असतात : डाग सपाट आहे की उंच, उंच असेल तर भरीव आहे की आत पाणी आहे, आणि आकार किती.

सपाट की उंच?

डोळे मिटून डागावरून हलकेच बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागत नसेल आणि फक्त रंग बदललेला असेल, तर तो मॅक्युल. उदाहरणार्थ, सपाट तीळ. असा डाग 1 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तर त्याला पॅच म्हणतात.

भरीव की पाणी?

बोटाला उंचवटा लागला, तो भरीव आणि 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर पॅप्युल. छोटा चामखीळ हे त्याचं उदाहरण. 1 सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि पठारासारखा पसरट उंचवटा म्हणजे प्लाक. सोरायसिसमध्ये तो दिसतो. लहान फोडात स्वच्छ पाणी दिसत असेल, तर व्हेसिकल, जसे कांजिण्यांचे फोड. पाण्याऐवजी पू असेल, तर तो पस्ट्युल. काही पुस्तकं 1 ऐवजी अर्धा सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. म्हणून नावापेक्षा पट्टीने मोजलेलं माप सांगणं चांगलं.

नागिणीत हे का महत्त्वाचं?

नागिणीत हे टप्पे एकामागून एक येतात. आधी आग किंवा ठणका, मग लालसर डाग, त्यावर भरीव उंचवटे आणि एक-दोन दिवसांत पाण्याचे फोड. सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसू शकते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या, तर सर्वाधिक उपयोगी ठरतात. त्यामुळे कोणता टप्पा कधी आला, हेही सांगायला हवं.

फोनवर असं सांगा : ‘दोन दिवस छातीच्या डाव्या बाजूला आग होत होती. काल सकाळी लाल सपाट डाग आले, रात्री त्यावर 3 मिलिमीटरचे भरीव उंचवटे आले. आज त्यांत पाणी आहे. पट्टा पाठीकडे गेलाय, उजवीकडे काहीच नाही.’ एवढ्यावरून डॉक्टरांना नागिणीची शंका येते आणि ते लगेच तपासायला बोलावतात.

आत पाणी आहे का, हे पाहण्यासाठी फोड फोडू नका. नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्या व्यक्तीला संसर्ग होऊ शकतो. बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकला, की उंचवटा आणि पाणी दोन्ही नीट दिसतात. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर मात्र वर्णन करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.