चार पट्ट्यांचा महिना होत नाही

“महिन्याच्या चार पट्ट्या द्या.” अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या घरचं कुणी औषधाच्या दुकानात आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मागणारा मुलगा असतो, सून असते, कधी रुग्ण स्वतः असतो. दुकानदार चार पट्ट्या काढून देतो, पैसे घेतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा यायचं असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं जातं. गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असती तर हे चाललंही असतं. पण इथे प्रश्न टिकाग्रेलॉरचा आहे. ही गोळी सकाळी एक आणि रात्री एक घ्यायची असते, आणि तिची पट्टी बहुतेक वेळा १४ गोळ्यांची असते. या हिशेबात दर महिन्याला दोन-तीन दिवस गळतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

चार पट्ट्या म्हणजे ५६ गोळ्या. रोज दोन गेल्या की त्या २८ दिवस पुरतात. फेब्रुवारी सोडला तर २८ दिवसांचा महिना पंचांगातही नाही आणि कॅलेंडरवरही नाही. तरीही ‘चार आठवडे म्हणजे महिना’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की समजावून सांगितलं तरी लोक म्हणतात, “दोन दिवसांनी काय होतंय?”

काय होतं ते खऱ्या तारखा घेऊनच पाहू. समजा, रुग्ण ३ मार्च २०२५ ला, सोमवारी घरी आला आणि घरातली पहिली गोळी त्याच रात्री घेतली. सकाळची गोळी रुग्णालयातच दिली होती, ती या मोजणीत येत नाही. ५६ पैकी पहिली गोळी ३ तारखेच्या रात्री गेली. ४ मार्च ते ३० मार्च असे सत्तावीस पूर्ण दिवस झाले, त्यात ५४ गोळ्या गेल्या. उरलेली एक ३१ मार्चच्या सकाळी. त्या रात्री डब्यात काही नाही. घरच्यांनी ठरवलेली तारीख मात्र ३ एप्रिल, आणि आणायला जायचं तेही संध्याकाळी कामावरून सुटल्यावर. म्हणजे ३१ ची रात्र, १ आणि २ एप्रिलचे दोन-दोन, ३ ची सकाळ, असे सहा डोस चुकले.

हे सहा डोस ‘दोन-तीन दिवस’ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. क्लोपिडोग्रेल ही याच कामाची जुनी गोळी रक्तातल्या प्लेटलेट्सना कायमची धरून ठेवते, त्यामुळे एखादा डोस चुकला तरी तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो. टिकाग्रेलॉर प्लेटलेटला धरते आणि सोडूनही देते. म्हणून तर ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लेटो चाचणीत ही गोळी ९० मिलिग्रॅम, रोज दोनदा अशीच दिली होती. मोठ्या शस्त्रक्रियेआधी शक्य असेल तर ती पाच दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण तेवढ्या काळात प्लेटलेट्स पुन्हा आपलं काम करू लागतात. आता हेच उलट बाजूने पाहा. नव्या स्टेंटवर गुठळी होऊ नये म्हणून सुरू केलेलं औषध तीन दिवस बंद राहिलं, तर त्याचं संरक्षण बरंचसं ओसरलेलं असतं. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त. या काळात औषध स्वतःहून कधीही बंद करू नका असं डॉक्टर परत परत सांगतात, आणि इथे कुणी ते बंद करायचं ठरवलेलंही नसतं. फक्त बेरीज चुकलेली असते.

तारीख काढायची रीत साधी आहे. रात्रीची गोळी घेऊन झाली की उरलेल्या गोळ्या मोजा. त्यांचे निम्मे करा. जो आकडा येईल तो आजच्या तारखेत मिळवा. ती तारीख म्हणजे औषध पूर्ण पुरेल असा शेवटचा दिवस. संख्या विषम असेल तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळची एक गोळी जास्त आहे, इतकंच. वरच्या उदाहरणात ३ मार्चच्या रात्री ५५ उरल्या. निम्मे साडेसत्तावीस. तीन अधिक सत्तावीस म्हणजे ३० मार्च पूर्ण, आणि ३१ ची सकाळ. मोजणी रात्रीच करायचं कारण असं की दिवसाच्या मधे मोजलं तर आजचा दिवस धरायचा की सोडायचा हा घोळ होतो, आणि एका दिवसाची चूक नेमकी तिथेच शिरते. सकाळी पहिली गोळी घेण्याआधी मोजायचं असेल तर आजचा दिवस पहिला धरावा लागतो. ३ मार्चला सकाळपासून ५६ गोळ्या सुरू केल्या असत्या, तर तीन अधिक अठ्ठावीस म्हणजे ३१ नव्हे, तर ३० च्या रात्री शेवटची गोळी गेली असती.

पण औषध संपायची तारीख ही ते आणायची तारीख नव्हे. इथे दुसरी गफलत होते, आणि तीही चांगल्या शिकलेल्या घरांतून. त्या वर्षी ३० मार्चला रविवार होता आणि गुढीपाडवाही, ३१ ला रमजान ईद. मेडिकल उघडं सापडलं असतं, पण दुकानात माल संपला असेल तर तो वितरकाकडून येणार सुट्टी संपल्यावरच. हृदयाच्या अशा गोळ्या गावातल्या छोट्या दुकानात नेहमी साठवलेल्या असतातच असं नाही. त्यात डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि ती जुनी झाली असेल तर आणखी एक फेरी.

१४ च्या पट्टीत यावर आयताच उपाय आहे. रोज दोन गोळ्या म्हणजे एक पट्टी नेमकी एक आठवडा. आपल्या रुग्णाची पहिली पट्टी ३ मार्चच्या रात्रीपासून १० च्या सकाळपर्यंत, दुसरी १७ च्या सकाळपर्यंत, तिसरी २४ च्या सकाळपर्यंत. चौथी पट्टी २४ मार्चला, सोमवारी रात्री फोडली जाते. शेवटची पट्टी फोडली की औषध आणायला जायचं, कारण त्या वेळी हातात बरोबर सात दिवस असतात. प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने सुरू केल्याची तारीख लिहिली की वार आपोआप सांभाळला जातो. सोमवारी रात्री नवी पट्टी निघत नसेल, तर कुठेतरी गोळी राहिली किंवा जास्त गेली, हे आठवड्याच्या आत कळतं. समजा, २४ च्या सकाळची गोळी घेऊन झाल्यावर तिसऱ्या पट्टीत अजून तीन गोळ्या दिसतात. याचा अर्थ तीन डोस चुकलेत. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. अमेरिकेतल्या एफडीएच्या मान्य माहितीपत्रकातही डोस चुकला तर पुढचा डोस त्याच्या ठरलेल्या वेळी, एकच घ्यावा असं सांगितलेलं आहे. उरलेल्या गोळ्यांमुळे संपायची तारीख तेवढी पुढे सरकते, आणि डोस का चुकले हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावं लागतं.

आधी आणलेल्या औषधाने आणखी एक गोंधळ होतो. २४ मार्चला नव्या चार पट्ट्या घेतल्या म्हणून नवा हिशेब २४ पासून सुरू होत नाही. हातातली चौथी पट्टी ३१ च्या सकाळपर्यंत चालणार, नव्या पट्ट्या त्या रात्रीपासून लागणार आणि २८ एप्रिलच्या सकाळी संपणार. बिलावरची तारीख पाहून मोजणारे इथे फसतात. मोजायचं ते डब्यातल्या गोळ्यांवरून, पावतीवरून कधीच नाही.

तारखेने महिना धरायचाच असेल, तर डॉक्टरांनी ‘एक महिना’ लिहिलेल्या चिठ्ठीवर ६० किंवा ६२ गोळ्या मागा. १४ ने भागले तर पूर्ण पट्ट्या येत नाहीत, म्हणून दुकानदार चारवर थांबतो. पाच पट्ट्या घेतल्या तर ३५ दिवस मिळतात. नाहीतर चार पट्ट्या आणि वर सहा गोळ्या कापून घ्या. पट्टी कापली तर बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असं पाहा. तो दुकानात राहिला तर घरी काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

या रुग्णांच्या घरात आणखी काही समज कानावर येतात, तेही इथेच निस्तरून टाकू.

‘अ‍ॅस्पिरिन अजून आहे, म्हणजे औषध आहे.’ अ‍ॅस्पिरिनच्या ७५ मिलिग्रॅमच्या पट्टीतही बहुधा १४ गोळ्याच असतात, पण ती दिवसातून एकदा. चार पट्ट्या ५६ दिवस चालतात. टिकाग्रेलॉर संपते तेव्हा अ‍ॅस्पिरिनच्या दोन अख्ख्या पट्ट्या शिल्लक असतात, आणि डबा भरलेला दिसतो.

‘पट्टी म्हणजे दहाच.’ कंपनी बदलली की दहाची पट्टीही मिळते. ती पाच दिवस चालते, आठवडा नाही.

‘पट्टीवर मार्च लिहिलंय, म्हणजे १ मार्चला बाद.’ औषध नियम, १९४५ नुसार महिना आणि वर्ष छापलेली मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते.

‘आणलेल्या पट्ट्या संपल्या, म्हणजे कोर्स संपला.’ हे ऐकलं की खरंच काळजी वाटते, कारण घरी सोडताना दिलेल्या पहिल्या चार पट्ट्यांनंतर काहींचं औषध याच समजाने बंद पडतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अ‍ॅस्पिरिनसोबत टिकाग्रेलॉर साधारण १२ महिने देतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. पूर्ण वर्ष धरलं तर ३६५ दिवसांना ७३० गोळ्या लागतात, म्हणजे ५२ पट्ट्या आणि वर दोन गोळ्या. ३ मार्च २०२५ च्या रात्री सुरू केलेल्या वर्षाची शेवटची गोळी ३ मार्च २०२६ च्या सकाळी येते. दर महिन्याला चार पट्ट्या आणणाऱ्याकडे वर्षभरात ४८ पट्ट्या येतात, म्हणजे ६७२ गोळ्या. ५८ गोळ्या कमी, २९ दिवसांचं औषध. शेवटच्या पट्टीच्या आसपास हृदयरोगतज्ज्ञांची भेट आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे गोळी थांबवायची की पुढे चालू ठेवायची हे पट्टी फोडण्यापूर्वीच ठरलेलं असेल.