लोणच्याचं तेल बाहेर कसं येतं?

कैरीचं लोणचं घालून झालं की परगावच्या मुलांसाठी एक बरणी बाजूला निघतेच. ती रेल्वेने गेली तर फारसा प्रश्न नसतो. बर्थखाली उभी ठेवायची, भोवती चादर खोचायची, झालं. विमानात मात्र तीच बरणी बॅगेतले कपडे तेलाने माखून टाकते, आणि दोष बिचाऱ्या झाकणाला जातो.

खरा दोष बरणीतल्या हवेचा. विमान उंचावर गेलं की आतला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांशावर येतो. सामानाच्या कप्प्यातही तेच. बरणीतली हवा फुगू पाहते. बरणी आडवी पडली असेल तर झाकणाशी तेल आलेलं असतं आणि हवा नेमकं तेच फटीतून बाहेर ढकलते. म्हणून अर्धी रिकामी बरणी नेणं सगळ्यांत वाईट.

त्यापेक्षा पिशवी बरी. अर्धा किलो लोणचं न्यायचं असेल तर वरचं तेल घरीच निथळून ठेवावं. पोचल्यावर तिकडे तेल गरम करून, गार झाल्यावर घालता येतं. फोडी खाण्याच्या जाड पिशवीत भराव्यात, हाताने दाबून हवा काढावी आणि तोंड उष्णतेने चिकटवून घ्यावं. हे काम मिठाईवाला किंवा मसाल्याचा दुकानदार करून देतो. मग दुसरी पिशवी, वर्तमानपत्राची घडी आणि घट्ट झाकणाचा डबा. तो बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांच्या आत. आदल्या रात्री पिशवी वर्तमानपत्रावर उलटी ठेवून वर एखादं जड पुस्तक ठेवावं. सकाळी कागदावर तेलाचा पारदर्शक डाग दिसला, तर पिशवी पुन्हा भरायची. नुकतं घातलेलं लोणचं मात्र नेऊच नये. ते आंबत असेल तर वायू धरतं आणि पिशवी आपोआप टम्म फुगते.

लोणचं हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्येच द्यावं. सुरक्षा तपासणीत ते अडतं. खोबऱ्याची वाटी तर दोन्हीकडे चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेटू शकतं, त्यामुळे ते धोकादायक मालात मोडतं. फोडणीत मिसळलेल्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी, पण आजीने खास दिलेली वाटी विमानतळावरच राहते.

परदेशी जाणाऱ्यांनी डब्यातल्या बाकीच्या खाऊकडेही पाहावं. भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे सातारचे कंदी पेढे गेले. ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू आगमनाच्या फॉर्मवर लिहावी लागते. न लिहिता सापडली तर दंड होतो. लिहिली तर फार तर काढून घेतात. पिशवीवर पदार्थाचं नाव आणि घटक इंग्रजीत लिहिलेले असले, तर अधिकाऱ्याला समजावण्याचा वेळ वाचतो.