पद नसताना पीएमपी : खर्च कधी निघतो, कधी नाही

प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्रांमध्ये भारतात सर्वाधिक मागणी पीएमपीला आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संस्था १९८४ पासून ते देते. त्यासाठी व्यवस्थापकाचे पद लागते, असा अनेक अभियंत्यांचा समज असतो. संस्थेच्या अर्जात मात्र हुद्दा महत्त्वाचा नसतो. प्रकल्प कोणी चालवला, म्हणजे काम कोणी आखले, माणसे कोणी लावली, अडचणी कोणी सोडवल्या आणि काम पूर्ण करून कोणी दिले, हे तिथे पाहिले जाते. त्यामुळे बल्लारपूरच्या पेपर मिलमधला देखभाल विभागाचा अभियंता किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला कनिष्ठ अधिकारीही पात्र ठरू शकतो. पात्र ठरल्याने खर्च वसूल होतोच असे मात्र नाही.

या पट्ट्यातल्या अभियंत्यांना प्रमाणपत्राची सवय आहे ती वेगळ्या प्रकारच्या. कोळसा खाणीत मॅनेजरचे सक्षमता प्रमाणपत्र नसेल तर त्या खुर्चीवर बसताच येत नाही. ठरावीक क्षमतेच्या वरच्या बॉयलरची जबाबदारी घ्यायची तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यावी लागते. ही दोन्ही प्रमाणपत्रे कायदा मागतो, म्हणून ती मिळाली की कामाचे दार हमखास उघडते. पीएमपी कोणताही कायदा मागत नाही. त्याची किंमत ते वाचणाऱ्या मालकावर अवलंबून असते. बीओई झाल्यावर सहकाऱ्याचा पगार वाढला म्हणून पीएमपीनेही वाढेल, ही अपेक्षा इथेच चुकते.

अर्ज भरण्याआधी स्वतःच्या कामाची छाननी करावी. तिला पैसा लागत नाही आणि निम्मा निर्णय तिथेच होतो. प्रकल्प म्हणजे ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि ज्यातून ठरलेले काही नवे उभे राहते असे काम. रोजची देखभाल, शिफ्ट सांभाळणे, बेअरिंग बदलणे हे चालू काम झाले. ते कितीही वर्षे केले तरी मोजले जात नाही. वार्षिक शटडाऊन मात्र प्रकल्पात बसतो. प्रत्यक्ष बंदचा काळ काही आठवड्यांचाच असला, तरी कामांची यादी, सुट्या भागांची मागणी, कंत्राटदारांची निवड आणि शेवटी हिशेब धरून त्याला कित्येक महिने लागतात.

पदवीधर अभियंत्याला असा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, पदविकाधारकाला त्याहून जास्त. महिने मोजताना बहुतेक जण एका ठिकाणी घसरतात. एकाच महिन्यात दोन प्रकल्प चालू असतील तर तो महिना एकदाच धरला जातो. उदाहरणासाठी पेपर मिलमधला एक काल्पनिक यांत्रिकी अभियंता घेऊ. त्याने २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जानेवारी ते मे या काळात शटडाऊनचे नियोजन सांभाळले. मार्च ते ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॅक्यूम पंप बदलण्याचे काम केले आणि एप्रिल २०२३ ते मे २०२४ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नव्या क्लॅरिफायरचे. नुसती बेरीज केली तर ३७ महिने भरतात, म्हणजे अट पूर्ण झाली असे वाटते. पण २०२२ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर हे १० महिनेच निघतात. जानेवारी २०२३ ते मे २०२४ हे सलग १७ महिने होतात आणि २०२४ चा शटडाऊन त्यांतच विरघळून जातो. खरा आकडा २७. या अभियंत्याला अजून ९ महिने हवेत, आणि हे क्लासची फी भरण्याआधी कळलेले बरे.

यापुढची अडचण पद नसलेल्यालाच जास्त भेडसावते. संस्था काही अर्ज पडताळणीसाठी निवडते, आणि मग प्रत्येक प्रकल्पातल्या भूमिकेला ते काम माहीत असलेल्या व्यक्तीचा, बहुधा वरिष्ठाचा, दुजोरा लागतो. कागदोपत्री प्रकल्पप्रमुख विभागप्रमुख असतो आणि प्रत्यक्ष काम ओढलेले असते दुसऱ्यानेच. अशा वेळी ‘हे काम यानेच चालवले’ असे लिहून द्यायला साहेब तयार आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे. ते बदलून दुसऱ्या युनिटला गेले असतील तर संपर्क ठेवावा. दुजोरा मिळणार नसेल तर तो प्रकल्प अर्जात घालू नये, मग महिने कमी पडले तरी चालतील.

खर्चात परीक्षेचे डॉलरमधले शुल्क, ३५ तासांचे सक्तीचे प्रशिक्षण आणि सराव प्रश्नसंच येतात. परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि ती जवळपास चार तास चालते, त्यामुळे तयारीचे तास वेगळे धरावे लागतात. नापास झाल्यास फेरपरीक्षेचे शुल्क पुन्हा भरावे लागते. पास झाल्यावरही दर ३ वर्षांनी ६० तासांचे पुढचे शिक्षण दाखवून नूतनीकरण करायचे असते. समजा, सगळे मिळून ९०,००० रुपये लागले आणि नव्या नोकरीत हातात येणारा पगार महिना ६,००० रुपयांनी वाढला. पैसे १५ महिन्यांत वसूल होतात. पण तशी नोकरी मिळण्याची शक्यता तीनात एक असेल, तर सरासरी लाभ महिना २,००० रुपये धरावा लागतो आणि वसुलीला ४५ महिने लागतात. तोवर नूतनीकरणाची पहिली मुदत उलटून गेलेली असते. म्हणजे निर्णय पगारवाढीच्या आकड्याइतकाच त्या शक्यतेवर टेकलेला आहे.

ही शक्यता अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. जे पद हवे आहे त्याच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा कराव्यात आणि पीएमपी ‘आवश्यक’ म्हटले आहे की ‘असल्यास प्राधान्य’, हे मोजावे. वेकोलि किंवा महानिर्मितीत राहायचे असेल तर बढती तिथल्या नियमांनी होते. या प्रमाणपत्राने वेतनश्रेणी बदलत नाही. प्रकल्प उभारणीचे ठेके घेणाऱ्या कंपन्या, सल्लागार संस्था आणि आखाती देशांतली कामे इथे चित्र वेगळे असते. तिथे शेकडो अर्जांतून पहिली चाळणी लावताना ही तीन अक्षरे उपयोगी पडतात. मुलाखतीत मात्र बजेट किती होते आणि काम उशिरा का झाले, हेच विचारले जाते, आणि तिथे हातचे काम बोलते.

संस्थेच्या २०२३ च्या वेतन पाहणीत पीएमपीधारकांचा मध्यक पगार इतरांपेक्षा ३३ टक्के जास्त आढळला. जाहिरातींत हा आकडा सर्रास वापरला जातो. पण प्रमाणपत्रासाठी आधीच तीन वर्षे प्रकल्प चालवलेला असावा लागतो, त्यामुळे धारकांमध्ये नवखे जवळपास नसतातच. या फरकातला किती भाग अनुभवाचा आणि किती प्रमाणपत्राचा, ते या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

कंपनी खर्च देत असेल तर हिशेब बदलतो, पण बाँड किती वर्षांचा आहे आणि पैसे पास झाल्यावरच मिळणार का, हे लेखी घ्यावे. नोकरी बदलण्यासाठीच परीक्षा द्यायची असेल तर दोन वर्षांचा बाँड फुकटच्या परीक्षेपेक्षा महाग पडतो.

उदाहरणातल्या अभियंत्याने ९०,००० रुपये आत्ता गुंतवण्यात अर्थ नाही. शटडाऊन नियोजनाच्या जाहिरातींत त्याला प्रायमाव्हेराची मागणी ठळक दिसत असेल, तर आधी ते शिकावे. पुढच्या शटडाऊनचे वेळापत्रक त्यातच बसवावे आणि किमान ९ महिने चालेल असे एखादे भांडवली काम साहेबांकडून लेखी पत्राने स्वतःकडे घ्यावे. ते संपेपर्यंत जाहिरातींची मोजणी पूर्ण झालेली असेल. त्या मोजणीत निम्म्याहून अधिक जागी पीएमपी आवश्यक निघाले, तर अर्ज करण्याची वेळ आली असे समजावे.