राउटरच्या पलीकडचा राउटर

गावच्या घरी कॅमेरे बसवले, डीव्हीआर राउटरला जोडला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ८००० क्रमांकाचं पोर्ट डीव्हीआरकडे वळवलं. घरच्या वायफायवर चित्र स्वच्छ दिसतं. पुण्याहून पाहायला जावं तर काहीच नाही. मग लोक डीव्हीआर बदलतात, राउटर बदलतात. दोष बऱ्याचदा दोन्हींत नसतो.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, जगभरात मिळून सुमारे ४३० कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या कंपन्यांच्या वाट्याला फार थोडे पत्ते आले. म्हणून त्या एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक ग्राहक बसवतात. हे काम करणारी यंत्रणा म्हणजे कॅरियर-ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट.

तुम्ही घरातून एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा ही यंत्रणा मागणी कोणाची होती याची नोंद ठेवते आणि उत्तर तुमच्याकडे पोचवते. त्यामुळे रोजच्या वापरात काही जाणवत नाही. पण बाहेरून कोणी आपणहून ८००० पोर्टवर आलं, तर ते कोणत्या ग्राहकासाठी, याची नोंदच नसते. विनंती तिथेच टाकून दिली जाते. तुमचा नियम तुमच्या राउटरमध्ये आहे, आणि विनंती तिथवर येतच नाही.

खात्री करणं सोपं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP पाहा आणि आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता त्याच्याशी ताडा. राउटर 100.72.14.9 म्हणतो आणि संकेतस्थळ 203.0.113.25, तर निदान झालं: 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या 10 ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. 192.168 ने सुरू होणारा दिसला तर आधी घरातच पाहा. कंपनीच्या फायबर डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल, तर डबा ब्रिज मोडवर टाकून पुन्हा तपासा.

ग्राहकसेवेला ‘कॅमेरा दिसत नाही’ असं सांगितलंत तर ते राउटर बंद-चालू करायला लावतील. त्याऐवजी म्हणा: ‘माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, मला पब्लिक आयपीव्ही४ हवा आहे, दरमहा किती पडेल?’ स्टॅटिक आयपी सहसा पैसे घेऊन मिळतो. बदलता पण सार्वजनिक पत्ता मिळाला तरी चालतो, सोबत डायनॅमिक डीएनएस लावायचं. पत्ता दिल्याचं कळलं की राउटर बंद-चालू करून दोन्ही आकडे पुन्हा ताडा. जुळले नाहीत तर तक्रार क्रमांक घ्या.

पत्ता देत नसतील तर आयपीव्ही६ विचारा, किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा. त्यात जोडणी घरातूनच बाहेर निघते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. खरं तर सार्वजनिक पत्ता मिळाला तरी डीव्हीआर व्हीपीएनमागेच ठेवावा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर असेच उघड्यावर गाठले होते.